आपलं काम दुसरीच्या नावावर गेलं, तर मेल कसा लिहायचा?



मागच्या अंकात आपण मासिक अहवाल मेलवर कसा पाठवायचा ते शिकलो. तो पाठ वाचून दोन-तीन सीआरपी ताईंनी मला विचारलं, "मॅडम, अहवाल पाठवायला जमतंय आता. पण आपण पाठवलेला अहवाल दुसरीनंच बैठकीत स्वतःचा म्हणून वाचला, तर काय करायचं?" प्रश्न विचारताना एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं रात्री जागून केलेली माहिती दुसऱ्या गावच्या ताईंनी सांगितली होती आणि टाळ्याही त्यांनाच मिळाल्या होत्या.

हे माझ्याही बाबतीत झालं आहे. तेव्हा मी जो मेल लिहिला, तोच आज पाठ म्हणून घेते. पहिल्या झटक्यात मी दोन चुकीचे मेल लिहिले होते. सुदैवानं ते पाठवले नाहीत. तेही दाखवते, कारण बरोबर मेल का बरोबर आहे हे त्यांच्यावरूनच कळतं.

काय झालं होतं

माझ्याकडच्या गटांचे हप्ते ठरावीक महिन्यांत का थकतात, हे मला शोधायचं होतं. जून-जुलैमध्ये मी १८ गटांच्या मागच्या वर्षीच्या कर्ज नोंदवह्या बघितल्या आणि गुगल शीटवर एक तक्ता केला. गटाचं नाव, कोणत्या महिन्यात हप्ता चुकला, कधी भरला आणि चुकण्याचं कारण, असे चार रकाने होते. १८ पैकी ११ गटांचा ऑगस्ट-सप्टेंबरचा हप्ता चुकला होता. त्यातल्या बहुतेकींनी सोयाबीनचे पैसे आल्यावर नोव्हेंबरमध्ये दोन-तीन हप्ते एकदम भरले होते. म्हणजे या बायका पैसे बुडवणाऱ्या नव्हत्या. हप्त्याची तारीख आणि हातात पैसा येण्याची वेळ जुळत नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबरचा हप्ता लहान आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा मोठा ठेवावा, अशी सूचना मी तक्त्याखाली लिहिली.

दुसऱ्या भागाच्या एक समन्वयक ताई आहेत, माझ्यापेक्षा अनुभवानं मोठ्या. त्या म्हणाल्या, "तुझा तक्ता पाठव ना, माझ्या गटांना लावून बघते." २२ जुलैला मी तो मेलवर पाठवला. ऑगस्टच्या आढावा बैठकीत तोच तक्ता पडद्यावर आला. वरची माझ्या नावाची ओळ नव्हती. ताई म्हणाल्या, "आम्ही असा अभ्यास केला आहे." साहेबांना तो आवडला. पुढच्या महिन्यात ताईंनीच तो बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे मांडावा असं ठरलं. दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताचा मसुदा सगळ्यांना आला, त्यात ताईंचं नाव आणि पुढे "यांनी केलेल्या अभ्यासानुसार" असे शब्द होते.

मला राग आला, वाईटही वाटलं. पण त्याहून एक मोठी काळजी होती. कारणाच्या रकान्यात बायकांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी होत्या. कुठे आजारपण, कुठे खाजगी फायनान्सचा हप्ता आधी भरलेला. "हे गटाच्या नावानिशी बँकेत जाणार नाही," असा शब्द मी त्यांना दिला होता. आणि चार गटांच्या वहीत तारखाच नव्हत्या, त्या मी तोंडी विचारून अंदाजानं भरल्या होत्या. हे दोन्ही ताईंना माहीत नव्हतं. बँकेत कुणी प्रश्न विचारला असता, तर त्या काय उत्तर देणार होत्या?

काम कुणाचं हे लिहिलेलं असावं, ते एवढ्यासाठी. त्या कामातलं कच्चं काय आणि झाकून ठेवायचं काय, हे ते करणाऱ्या बाईलाच माहीत असतं.

पहिला मेल : रागाचा

बैठकीच्या रात्री मी हा मेल लिहिला.

> ताई, आज बैठकीत तुम्ही माझा तक्ता स्वतःचा म्हणून दाखवलात. हे अत्यंत चुकीचं आहे. तुमच्यासारख्या सीनियर व्यक्तीकडून ही अपेक्षा नव्हती. याबाबत लेखी खुलासा करावा, अन्यथा मला वरिष्ठांकडे जावं लागेल.

चार वाक्यं, आणि प्रत्येक वाक्यावर भांडण होऊ शकतं. "स्वतःचा म्हणून" असं लिहिलं की मी ताईंच्या मनातलं सांगते आहे. त्या लगेच म्हणतील, "मी तर 'आम्ही' म्हणाले होते." "अपेक्षा नव्हती" म्हटलं की विषय तक्त्यावरून त्यांच्या स्वभावावर गेला. "खुलासा करावा" हे तर नोटिशीतलं वाक्य. आपल्या ऑफिसांत कुणाला हे शब्द आले की ती व्यक्ती आधी स्वतःचा बचाव तयार करते. शेवटी "अन्यथा" म्हणजे सरळ धमकी.

सगळ्यात मोठी चूक तर वेगळीच. मला नेमकं काय हवं आहे, हे या मेलमध्ये कुठेच नाही. ताईंना सुधारायची इच्छा असती, तरी काय करायचं ते त्यांना कळलं नसतं.

दुसरा मेल : घाबरलेला

सकाळी वाचून मीच घाबरले. मग उलट टोकाचा लिहिला.

> ताई, राग मानू नका हं. अगदी छोटीशी गोष्ट आहे. तो तक्ता मी केला होता ना, पण ठीक आहे, आपण सगळ्या एकच आहोत. गैरसमज नसावा.

याला काय उत्तर येणार? अंगठा. गोष्ट छोटी आहे असं मीच लिहिलं, ठीक आहे असंही मीच लिहिलं. वर "राग मानू नका" वाचल्यावर समोरची बाई आधीच सावध होते, आता काहीतरी बोचरं येणार असं तिला वाटतं. म्हणजे टोचायचं ते टोचलं आणि काम झालंच नाही.

नम्र लिहिणं आणि गोष्ट लहान करणं यांत फरक आहे. शब्द मऊ असू देत, पण काय झालं आणि काय हवं आहे ते पूर्ण लिहायचं.

लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा

पहिली, नेमकं काय बोललं गेलं? आपल्या बोलण्यात "आम्ही" आणि "आपण" हे शब्द फसवे आहेत. कुणी संपूर्ण संघ या अर्थानं "आम्ही" म्हणतं, कुणी "मी" म्हणायला संकोच वाटतो म्हणून "आम्ही" म्हणतं. त्यामुळे ऐकलेलं वाक्य वहीत जसंच्या तसं लिहून ठेवा आणि शेजारी बसलेल्या एकीला विचारा, "तुला काय ऐकू आलं?" फक्त एकीला. पाच जणींना विचारलं की मेल जायच्या आधी ती गोष्ट गावभर होते. माझ्या बाबतीत बोललेलं "आम्ही" दोन अर्थांचं होतं, पण इतिवृत्ताच्या मसुद्यातलं नाव एकाच अर्थाचं होतं. म्हणून मी मेलमध्ये भर मसुद्यावर दिला.

दुसरी, ते काम खरंच आपलं आहे का? छापील नमुना सगळ्यांचाच असतो, त्यात आकडे भरले म्हणून नमुना आपला होत नाही. आणि वरिष्ठ मॅडमनी पूर्ण टीमचं काम एकत्र करून मांडलं, तर ते त्यांचं कामच आहे. तिथे फार तर "पुढच्या वेळी गावांची नावं घ्या" अशी विनंती करावी. हे तपासताना माझीही एक चूक मला दिसली. ज्या १८ गटांच्या सचिव ताईंनी वह्या काढून दिल्या, शेजारी बसून तारखा सांगितल्या, त्यांचा उल्लेख माझ्या तक्त्यावर कुठेच नव्हता. मी ज्याबद्दल चिडले होते, तेच मी केलं होतं. मेल लिहिताना तेही सुधारलं.

तिसरी, पुरावा हाताशी आहे का? जुना मेल Sent मध्ये सापडतो. गुगल शीट असेल, तर कॉम्प्युटरवर File मध्ये Version history नावाची नोंद असते. कुठल्या दिवशी कुणी काय भरलं ते तिथे दिसतं. कागदावरची माहिती असेल, तर वहीच्या त्या पानाचा फोटो चालतो. पुरावा बघून ठेवायचा तो स्वतःच्या खात्रीसाठी. पहिल्या मेलमध्ये तो समोरच्याच्या तोंडावर फेकायचा नाही.

मेलच का? फोन का नाही?

ताई तुमच्याच गावच्या असतील, रोज भेटत असतील, तर आधी समोरासमोर बोला आणि नंतर दोन ओळींचा मेल करा. माझ्या बाबतीत ताईंचं ऑफिस ४० किलोमीटरवर होतं. शिवाय दुरुस्ती लेखी करायची होती. मेलमध्ये मी दुरुस्तीचं वाक्यच लिहून दिलं, की ताईंनी ते उचलून पुढे पाठवावं. फोनवर हे होत नाही. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. तिथे निळी खूण झाली की आपण लगेच उत्तराची वाट बघतो, आणि स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर जायला एक मिनिट पुरतं. ग्रुपवर "तक्ता कुणी केला ते सगळ्यांना माहीत आहे" असा टोमणा मारला, तर आपली बाजू खरी असूनही आपणच भांडखोर ठरतो.

पाठवलेला मेल

बैठक सोमवारी झाली होती. मी बुधवारी सकाळी हा मेल पाठवला. नवीन मेल उघडला नाही. २२ जुलैला तक्ता पाठवलेला मेल उघडला आणि त्यालाच Reply केलं. त्यामुळे विषय तोच राहिला, "हप्त्याचा तक्ता, १८ गट", आणि खाली जुन्या मेलची तारीख आपोआप आली. "बघा, हा पुरावा" असं लिहावं लागलं नाही. (जीमेलमध्ये विषय बदलला की मेल वेगळा पडतो, म्हणून विषयाला हात लावू नका.)

> ताई, नमस्कार.
>
> सोमवारच्या बैठकीत हप्त्याचा तक्ता तुम्ही मांडलात. साहेबांना तो पटला आणि बँकेपुढे न्यायचं ठरलं, याचा मला आनंद आहे. हप्त्याच्या तारखा बदलल्या तर गटांना खरंच फायदा होईल.
>
> हा तक्ता मी जून-जुलैमध्ये १८ गटांच्या वह्यांवरून केला होता. त्या गटांच्या सचिव ताईंनी त्यासाठी वेळ दिला होता. २२ जुलैला तो तुम्हाला पाठवला, तो मेल खाली आहे. बैठकीत हा उल्लेख राहून गेला आणि इतिवृत्ताच्या मसुद्यात अभ्यास तुमच्या नावावर आला आहे. मला त्याचं वाईट वाटलं. मनात ठेवण्यापेक्षा तुम्हालाच थेट लिहिते आहे.
>
> दोन गोष्टी कराव्यात ही विनंती.
>
> १. मसुद्यातलं वाक्य असं करावं, असं तुम्ही समन्वयक मॅडमना कळवावं : "माहिती संकलन व तक्ता : (माझं नाव) व १८ गटांच्या सचिव. सादरीकरण : (तुमचं नाव)." इतिवृत्त शुक्रवारी निघणार आहे, म्हणून गुरुवारी संध्याकाळपर्यंत झालं तर बरं.
>
> २. तक्त्यात गटांची नावं आणि घरगुती कारणं आहेत. ती बँकेला दाखवणार नाही असा शब्द मी बायकांना दिला आहे. शिवाय चार गटांच्या तारखा वहीत नव्हत्या, त्या तोंडी विचारून भरल्या आहेत. नावं काढलेली आणि त्या चार गटांवर खूण केलेली प्रत मी शनिवारपर्यंत पाठवते. तोवर ही प्रत कुणाला देऊ नये.
>
> तुमच्या भागातले आकडे जोडले तर बँकेपुढे दोघी मिळून मांडू. तुम्हाला काही वेगळं आठवत असेल तर जरूर सांगा. उद्या दुपारी ३ नंतर मी फोनवर आहे.
>
> आपली,
> (माझं नाव)

यातलं काय कशासाठी

सुरुवात खऱ्या गोष्टीनं केली. साहेबांना तक्ता पटला याचा मला खरंच आनंद होता, म्हणून तसं लिहिलं. आनंद झाला नसेल तर खोटं कौतुक लिहू नका, ते वाचताना कळतं. तेव्हा नुसतं "सोमवारच्या बैठकीबद्दल लिहिते आहे" एवढं पुरतं.

मग काय झालं ते तारखेसह लिहिलं. इथे एक क्रियापद बघा, "उल्लेख राहून गेला". "तुम्ही माझं नाव घेतलं नाही" म्हटलं की बोट ताईंकडे जातं. "राहून गेला" म्हटलं की घडलेलं तेवढं सांगितलं जातं, मुद्दाम केलं की चुकून झालं हे ठरवलं जात नाही. त्यांना मागे यायला जागा राहते. आपल्या भाषेत अशी क्रियापदं भरपूर आहेत : लिहायचं सुटलं, नाव आलं नाही, नोंद वेगळी झाली. पण ही जागा पहिल्या वेळेसाठीच द्यायची. तिसऱ्यांदा तेच झालं, तर ते "राहून" जात नसतं.

"मला वाईट वाटलं" हे एकदाच आणि साधं लिहिलं. ते गाळू नका. नाहीतर ताईंना वाटेल की फक्त कागद दुरुस्त करायचा आहे. पण त्यापुढे "फार", "अतिशय", "रात्रभर झोप नाही" असं वाढवत गेलं, की वाचणाऱ्याचं लक्ष मागणीवरून उडतं.

मागणी दोनच गोष्टींची होती आणि दोन्हींना दिवस ठरलेला होता. माफी मागितली नाही. माफी कुणाकडून काढून घेता येत नाही, पण इतिवृत्तातलं वाक्य दुरुस्त करता येतं. दुरुस्तीचं वाक्य तयार दिलं आणि त्यात सादरीकरणाला ताईंचं नाव ठेवलं, कारण मांडण्याचं काम त्यांनी केलंच होतं. त्यांचं खरं श्रेय काढून घेतलं असतं, तर मीही चुकीचं लिहून घेत होते.

"वेगळं काही आठवत असेल तर सांगा" हे वाक्य शोभेचं नाही. कदाचित ताईंनी बैठकीनंतर साहेबांना माझं नाव सांगितलंही असेल, मला ते कसं कळणार?

पाठवताना

मेल रात्री लिहिला तरी सकाळी पाठवा. लिहून होईपर्यंत To ची जागा रिकामी ठेवा, म्हणजे चुकून बोट लागलं तरी मेल जाणार नाही. Reply करताना मात्र पत्ता आपोआप येतो. म्हणून मी मजकूर आधी वहीत लिहिला आणि मग टाइप केला.

Cc मध्ये पहिल्या मेलला कुणालाही घेऊ नका. साहेबांचं नाव Cc मध्ये दिसलं, की तो मेल ताईंसाठी राहत नाही, ती तक्रार होते. आणि Bcc तर अजिबात नको. Bcc मधल्या व्यक्तीनं चुकून Reply all दाबलं, की लपवलेलं सगळं उघडं पडतं आणि पुढे तुमच्या साध्या मेलवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पाठवण्याआधी मेल एकदा मोठ्यानं वाचा. वाचताना जिथे आवाज चढतो, ते वाक्य बदला.

उत्तर कसं येईल

मला गुरुवारी दुपारी फोन आला. ताईंचा आवाज जरा चढलेला होता. "अगं, मी 'आम्ही' म्हणाले होते ना. एवढं मेल करायला काय झालं?" मी म्हटलं, "हो ताई, तुम्ही 'आम्ही'च म्हणालात. मसुद्यात एकच नाव आलं, म्हणून लिहिलं. आणि त्या बायकांना दिलेल्या शब्दाचं मला टेन्शन आहे." नावांचा मुद्दा ऐकल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंस." संध्याकाळी त्यांनी मॅडमना मेल केला आणि माझं वाक्य तसंच उचलून टाकलं. माफी मी मागितली नव्हती, मिळालीही नाही. पुढचे काही आठवडे आमचं बोलणं कामापुरतंच होतं. पण बँकेत नावं काढलेली प्रत गेली.

असं उत्तर आलं की एका ओळीत आभार माना आणि विषय बंद करा. "बघ, मी कसं लिहिलं" म्हणून तो मेल दुसऱ्या कुणाला दाखवू नका.

कधी उत्तर येतं, "काम संघाचं आहे, नावात काय एवढं?" यावर भांडू नका. लिहा, "बरोबर आहे ताई, काम संघाचंच आहे. मसुद्यात एक नाव आलंच आहे, म्हणून काम करणाऱ्या बाकीच्यांचीही यावीत एवढंच. किंवा एकही नाव नको, फक्त 'प्रभागातील गटांचा अभ्यास' असं लिहू." हा दुसरा पर्याय मनापासून द्या. त्या कशाला तयार आहेत ते त्यावरून कळतं.

आणि कधी उत्तरच येत नाही. मग दोन दिवस थांबा. त्यानंतर एक ओळ लिहा, "ताई, मसुद्याच्या दुरुस्तीचं काय झालं? उद्या इतिवृत्त निघतं आहे." तरीही काही नाही, तर समन्वयक मॅडमना मेल करा. त्यात ताईंची तक्रार नको, फक्त इतिवृत्ताची दुरुस्ती मागा : "मसुद्यातील हप्ता तक्त्याची माहिती मी व १८ गटांच्या सचिवांनी संकलित केली आहे. कृपया तशी नोंद व्हावी. तक्त्यातील गटांच्या नावांबाबतही बोलायचं आहे." या वेळी मात्र ताईंना Cc मध्ये घ्या, म्हणजे पाठीमागून काही केलं असं होणार नाही. आणि हेही करून वेळ निघून गेली, तर पुढच्या बैठकीत पहिला विषय असतो मागील इतिवृत्त वाचून कायम करणं. दुरुस्ती सुचवायचा प्रत्येक सभासदाला तिथे हक्क आहे. शांतपणे हात वर करा आणि तेच वाक्य वाचा.

हा मेल कुठे चालत नाही

तुमच्या कामावर दुसरीनं मानधन उचललं असेल, खोटे आकडे घातले असतील किंवा तुमच्या सहीच्या जागी सही केली असेल, तर तिथे "राहून गेलं" लिहू नका. तो पैशाचा आणि नोंदींचा प्रश्न आहे. तारीख घालून संघाच्या कार्यकारिणीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तसंच कुणाची तुम्हाला भीती वाटत असेल, तर एकटीनं मेल करू नका, आधी विश्वासातल्या पदाधिकारी ताईंशी बोला.

सराव

पुढच्या बैठकीत दोघी-दोघींनी बसा आणि खालची तीन वाक्यं बदलून लिहा. राग काढायचा, पण घडलेलं आणि हवं असलेलं गाळायचं नाही.

१. "माझी यादी तुम्ही चोरली."
२. "सगळ्यांना माहीत आहे काम कोण करतं ते."
३. "जाऊ द्या ताई, माझं काय, मी करतच असते."

तिसरं सगळ्यात अवघड आहे. त्यात राग दिसत नाही, पण मागणीही दिसत नाही. लिहिलेली वाक्यं तुमच्या सीआरपी ताईंकडे द्या. मी गावभेटीला येईन तेव्हा आपण ती एकत्र वाचू.

आणि तक्ता, यादी, अहवाल काहीही पाठवाल, तेव्हा पहिल्याच ओळीत लिहीत जा : कुणी केलं, कुणी माहिती दिली, कोणत्या तारखेला, आणि कोणते आकडे अजून कच्चे आहेत. माझ्या तक्त्यावर आता अठरा सचिव ताईंची नावं आहेत. बाहेर द्यायच्या प्रतीत ती नसतात.